फोन इंग्रजीत राहू द्या, मेल मराठीत करा

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या एका अडत्याकडे एकच संगणक आहे आणि तो तिघं वापरतात. सकाळी मालक बँकेचं काम उरकतो. दुपारी मुनीमजी हिशेब आणि जीएसटी भरतात. त्यांचं बोलणं-लिहिणं हिंदीत, पण स्क्रीनवरची इंग्रजी बटणं त्यांना जागेसकट पाठ आहेत. तिसरी एक ताई आहे, काटोलकडची, मराठी शाळेत शिकलेली. बागायतदारांशी आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी मेलवरून चालणारा सगळा पत्रव्यवहार तीच सांभाळते. मृग बहाराचा माल उतरत होता तेव्हा ती मला म्हणाली, "भाऊ, माह्यं मेल मराठीत करून देता का? पण कम्प्युटर नोका करू. मुनीमजीले मंग काहीच सापडनार नाही."

गेली अठरा वर्षं मी नागपुरातल्या लहान ऑफिसांचे संगणक लावून देतो, बिघडले तर दुरुस्त करतो. इतकी नेमकी मागणी क्वचितच कानावर येते. एरवी लोक म्हणतात, "मराठी करून द्या," आणि आपण त्यांचं अख्खं यंत्र मराठी करून देतो. दर २७ फेब्रुवारीला तसंच आवाहन फिरतं: आपला फोन मराठीत करा. आवाहन करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्यांनी चुकीची गोष्ट मागितली आहे असं माझं ठाम मत आहे. मागायचं असेल तर एका अॅपची मराठी मागा, आणि सुरुवात मेलपासून करा. यंत्राची भाषा आणि मेलची भाषा हे दोन वेगळे निर्णय आहेत. ते वेगळे ठेवण्याची सोय आज बहुतेक ठिकाणी आहे. ती लोकांना कोणी दाखवत नाही, एवढीच अडचण आहे.

अख्खं यंत्र मराठीत केल्यावर काय होतं ते आधी सांगतो, कारण यात मराठीची अडचण हिंदीपेक्षा वेगळी आहे. कुठल्या भाषेत तारीख कशी लिहायची, आकडे कोणते वापरायचे, स्वल्पविराम कुठे द्यायचा याची एक मोठी नोंदवही युनिकोड कन्सॉर्शियम सांभाळतं. तिचं नाव सीएलडीआर. अँड्रॉइड, आयफोन, ब्राउझर, सगळे तिच्यातूनच माहिती उचलतात. त्या नोंदवहीत हिंदीसाठी ठरलेले आकडे 1, 2, 3 आहेत आणि मराठीसाठी १, २, ३. खात्री करायची असेल तर संगणकावर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि या दोन ओळी एकेक करून चालवा:

```
(123456.5).toLocaleString('hi-IN')   // 1,23,456.5
(123456.5).toLocaleString('mr-IN')   // १,२३,४५६.५
```

मराठीची ही निवड मला योग्यच वाटते. आपण शाळेत हेच आकडे शिकलो, एसटीच्या पाटीवर हेच वाचतो. घोटाळा होतो तो निष्काळजीपणे लिहिलेल्या अॅपमध्ये. अँड्रॉइडवर प्रोग्रामर जेव्हा `String.format("%d", n)` असं लिहितो आणि भाषा कोणती ते सांगत नाही, तेव्हा फोनची जी भाषा असेल तिचे आकडे येतात. स्क्रीनवर दाखवण्यापुरतं ते ठीक आहे. पण तोच आकडा किंवा तारीख सर्व्हरकडे पाठवायची असेल, तर तिथे `2024-05-03` ऐवजी `२०२४-०५-०३` जातं. सर्व्हरला हे आकडे कळत नाहीत आणि तो 'तारीख चुकीची' म्हणून परत पाठवतो. प्रोग्रामरनं स्वतःचा फोन इंग्रजीत तपासलेला असतो, फार तर हिंदीत. तिथे हा दोष दिसतच नाही. तो फक्त मराठी, नेपाळी, बंगाली, असमिया अशा भाषांच्या वाट्याला येतो.

महालात राहणारे एक निवृत्त काका आहेत. त्यांनी मोठ्या हौसेनं अख्खा फोन मराठीत केला. चार दिवस आनंदात गेले. मग पैशांच्या व्यवहाराचं एक अॅप त्यांची जन्मतारीख घेईना. त्यांनी पुन्हा पुन्हा टाकली, प्रत्येक वेळी तीच चूक, आणि शेवटी त्या दिवसापुरतं खातं बंद पडलं. नातवानं फोन परत इंग्रजीत केला आणि अॅप लगेच सुरळीत चाललं. काकांनी त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं: मराठी केली की फोन बिघडतो. तेव्हापासून त्यांच्या फोनवर मराठीचं एक अक्षर नाही, मेलमध्येसुद्धा नाही, आणि मेलच तर ते सगळ्यात जास्त वाचतात. असा दोष ओळखायची साधी खूण आहे. इंग्रजीत आणि हिंदीत चालणारं अॅप मराठीत तारीख, रक्कम किंवा ओटीपीच्या पायरीवर अडत असेल, तर नव्वद टक्के वेळा कारण हे आकडेच असतात. दोष अॅपचा आहे, हे काकांना समजावून काही उपयोग नव्हता. त्यांना मासिक निवृत्तिवेतन बघायचं होतं.

म्हणून मी म्हणतो की अख्ख्या यंत्राची भाषा बदलणं म्हणजे त्यावरच्या चाळीस-पन्नास अॅपांच्या प्रोग्रामरांची एकाच दिवशी परीक्षा घेणं. त्यातला एक जरी नापास झाला तरी माणूस सगळी मराठी काढून टाकतो. एकट्या मेलची भाषा बदलली तर परीक्षा एकाचीच होते आणि मेलमध्ये सर्व्हरकडे जन्मतारीख पाठवायचा प्रसंगही फारसा येत नाही.

हे करायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. आयफोनवर २०१९ च्या आयओएस १३ पासून प्रत्येक अॅपची भाषा वेगळी ठेवता येते. सेटिंग्जमध्ये त्या अॅपच्या पानावर Language अशी ओळ असते. पुष्कळांना ती दिसत नाही, कारण फोनच्या भाषांच्या यादीत एकच भाषा असेल तर फोन ती ओळ दाखवतच नाही. आधी General मधल्या Language & Region मध्ये जाऊन मराठी दुसरी भाषा म्हणून जोडायची. तेव्हा फोन विचारतो की मुख्य भाषा कोणती. तिथे इंग्रजीच ठेवायची. लोक नेमकं इथे चुकतात, मराठीवर बोट ठेवतात आणि अख्खा फोन बदलून बसतात. अँड्रॉइडवर ही सोय २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून आली. सेटिंग्ज, मग System, मग भाषांच्या पानावर App languages. कंपनीनुसार रस्ता थोडा बदलतो, पण सेटिंग्जच्या शोधात हे दोन शब्द टाकले की सापडतं.

अँड्रॉइडच्या या यादीबद्दल एक गैरसमज मी रोज ऐकतो. आपलं मेल अॅप यादीत दिसलं नाही की लोक समजतात त्यात मराठी नाही. तसं असेलच असं नाही. अॅपमध्ये मराठी भाषांतर पूर्ण असूनही ते यादीतून गायब असू शकतं, कारण आपल्याला कोणत्या भाषा येतात हे अॅपनं एका छोट्या फाइलमध्ये जाहीर करावं लागतं. ती फाइल एवढीच:

```
<locale-config xmlns:android="http://schemas.android.com/apk/res/android">
    <locale android:name="en"/>
    <locale android:name="mr"/>
</locale-config>
```

आणि अॅपच्या मुख्य जाहीरनाम्यात, म्हणजे मॅनिफेस्ट फाइलमध्ये, या फाइलकडे बोट दाखवणारी एक ओळ, `android:localeConfig`. भाषांतराला महिने लागतात, हे काम चहा थंड व्हायच्या आत होतं. मराठी भाषांतर तयार असताना ही फाइल न जोडणाऱ्याला मी आळशी म्हणेन. अॅप यादीत नसेल तर त्याच्या आतल्या सेटिंग्ज बघाव्यात. के-९ मेलसारख्या अॅपनं अँड्रॉइड १३ च्या पुष्कळ आधीपासून स्वतःच्या आत भाषेचा पर्याय ठेवलेला आहे.

आता कळमन्याच्या ताईकडे वळतो, कारण खरा गुंता तिथे होता आणि त्यातली चूक माझी होती.

ती संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडून काम करत होती. तिथे काम सोपं. वर उजवीकडे दातेरी चाक, त्यातून सगळ्या सेटिंग्ज, General च्या पानावर पहिलीच ओळ भाषेची. मराठी निवडायची आणि पान खाली सरकवून Save Changes दाबायचं. ते बटण खाली लपलेलं असल्यानं अनेकांचा बदल होतच नाही. विंडोज इंग्रजी राहिलं, हिशेबाचं सॉफ्टवेअर इंग्रजी राहिलं, फक्त मेल मराठी झालं. ताई खूश झाली आणि मी घरी गेलो.

मी एक गोष्ट विसरलो होतो. ब्राउझरमधल्या जीमेलची भाषा त्या संगणकावर साठवली जात नाही, ती खात्यावर साठवली जाते. हे एरवी फार सोयीचं आहे. ताईनं घरी, सायबर कॅफेत, कुठेही मेल उघडलं तरी ते मराठीतच उघडेल. पण ऑफिसचं खातं एकच होतं आणि तिघं तेच वापरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीमजींचा फोन आला, "भैया, मेल पूरा मराठी हो गया, बिल किधर से भेजूँ?" मराठी त्यांना समजते, पण हात इंग्रजी बटणांवर बसलेला असतो. हातालाही भाषा असते, आणि मुनीमजींची तक्रार रास्त होती.

त्याहून मोठी गोष्ट दुपारी कळली. त्याच खात्याच्या मेलची प्रत ठेवायला मी मागे मालकाच्या लॅपटॉपवर एक जुनं मेल सॉफ्टवेअर लावून दिलं होतं. ते आयमॅप पद्धतीनं, म्हणजे सर्व्हरवरचीच फोल्डरं बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवणाऱ्या पद्धतीनं, खात्याला जोडलेलं होतं आणि पाठवलेल्या मेलचं फोल्डर कुठलं, ते मी हातानं लिहून दिलं होतं: `[Gmail]/Sent Mail`. जीमेलमध्ये या खास फोल्डरांची आयमॅपवरची नावं खात्याच्या भाषेप्रमाणे बदलतात. भाषा मराठी झाली तसं ते नावही मराठी झालं. लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरला जुन्या नावाचं फोल्डर सापडेना, म्हणून त्यानं त्याच नावाचं नवं, रिकामं फोल्डर तयार केलं. मालकाला वाटलं, तीन वर्षांत पाठवलेलं सगळं पुसलं गेलं.

काहीही पुसलं गेलं नव्हतं. हे ओळखायची खूण अशी: ब्राउझरमध्ये पाठवलेल्या मेलची यादी पूर्ण दिसते आणि फक्त बाहेरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रिकामी असते. कधीकधी जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत किंवा त्रुटीच्या संदेशात `&CS4JOAlBCSYJPg-` असलं काहीतरी उमटतं आणि माणूस व्हायरसच्या भीतीनं घाबरतो. तो व्हायरस नाही. आयमॅपच्या जुन्या नियमात फोल्डरचं नाव फक्त इंग्रजी अक्षरांत पाठवता येतं, म्हणून देवनागरी नाव अशा गुंडाळलेल्या रूपात जातं. वरच्या अक्षरांची गुंडाळी सोडली तर 'मसुदा' एवढाच शब्द निघतो.

मेलसेवेनं यात काही चुकीचं केलं नव्हतं. २०११ मध्ये आरएफसी ६१५४ नावाचा एक नियम आला. त्यानुसार सर्व्हर फोल्डरच्या नावाशेजारी त्याची खूणही सांगतो:

```
* LIST (\HasNoChildren \Sent) "/" "[Gmail]/Sent Mail"
```

इथे `\Sent` ही खूण आहे आणि ती कुठल्याही भाषेत तशीच राहते. नाव मराठी होवो की तमिळ, सॉफ्टवेअरनं खूण बघायची, नाव बघायचं नाही. मी लावलेलं सॉफ्टवेअर त्या नियमाच्या आधीच्या काळातलं होतं आणि मी नाव हातानं लिहून त्याला आणखी बांधून ठेवलं होतं. नाव ही माणसासाठी असलेली पाटी आहे. पत्ता म्हणून ती वापरली की कोणी भाषा बदलताच पत्ता हरवतो. मेलचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडे माझी दुसरी मागणी हीच आहे: खुणेवर चाला. आणि आमच्यासारख्या लावून देणाऱ्यांनी फोल्डरचं नाव हातानं लिहायचं सोडून द्यावं.

मग मी काय केलं? ऑफिसच्या खात्याची भाषा परत इंग्रजी केली. फोल्डरांची नावं पूर्ववत झाली, लॅपटॉपवर सगळं परत दिसू लागलं आणि मुनीमजींचा हातही स्थिरावला. ताईसाठी एक वेगळं खातं उघडलं आणि त्याची भाषा मराठी ठेवली. ऑफिसच्या खात्यावर येणारी मेल तिच्या खात्याकडे वळवली आणि तिच्या खात्यातून ऑफिसच्या पत्त्यानं मेल पाठवायची सोय केली. त्यासाठी ऑफिसच्या खात्यावर एक खातरजमेचा संदेश येतो, तो मान्य करावा लागतो. ब्राउझरमध्ये तिचा वेगळा प्रोफाइल केला, म्हणजे सकाळी मालकानं बँक उघडली तरी तिचं मेल मध्ये येत नाही. याची एक किंमत आहे. ताईनं पाठवलेल्या मेलची प्रत तिच्या खात्यात राहते, ऑफिसच्या खात्यात जात नाही. म्हणून महत्त्वाच्या मेलला ती ऑफिसचा पत्ता बीसीसीमध्ये घालते. पहिल्या आठवड्यात दोनदा विसरली, आता सवय झाली आहे.

आउटलुकच्या वेब आवृत्तीत ही गोष्ट अधिक समंजसपणे हाताळली आहे असं मला वाटतं. भाषा बदलायच्या जागीच एक वेगळी चौकट असते: ठरलेल्या फोल्डरांची नावंही या भाषेत बदलायची का? खातं एकाच माणसाचं असेल तर खूण करा. खात्यावर दुसरं कोणी किंवा दुसरं सॉफ्टवेअर असेल तर चौकट रिकामी ठेवा. बटणं मराठी होतील, फोल्डर जागेवर राहतील. दोन वेगळे प्रश्न दोनदा विचारणं, एवढंच तर हवं असतं.

मेलची भाषा बदलल्यानं आणखी एक गोष्ट बाहेर जाते, ती ताईला आधीच सांगून ठेवली. उत्तर देताना जुन्या मेलच्या वर जी ओळ आपोआप येते, अमुक तारखेला अमुक यांनी लिहिलं, ती पाठवणाऱ्याच्या मेलच्या भाषेत तयार होते. चेन्नईच्या व्यापाऱ्याला ती मराठीत दिसेल. तिथे ती ओळ खोडून टाकायची किंवा तशीच राहू द्यायची, हे तिनं ठरवायचं. मेलचा मजकूर, विषय, जोडलेल्या फाइली यांना काही होत नाही. टायपिंगची भाषाही बदलत नाही, तो कीबोर्डचा स्वतंत्र विषय आहे.

माझ्या या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला भाषाप्रेमी मित्रांचा: हा अर्धवटपणा आहे, मराठी माणसाचं अख्खं यंत्र मराठीत असलं पाहिजे. ज्याला ते हवं आणि झेपतं त्यानं जरूर करावं. माझ्या एका फोनवर मी तसंच ठेवलं आहे आणि अडलेल्या अॅपांना त्यांच्या चुका कळवत असतो. पण नागपूर हे शहर एका भाषेचं कधीच नव्हतं. १९५६ पर्यंत ते ज्या प्रांताची राजधानी होतं त्याचा निम्मा कारभार हिंदीत चालत असे, आणि इतवारीच्या कुठल्याही गाळ्यात आजही एका टेबलावर दोन भाषा बसतात. ज्या संगणकासमोर तीन माणसं बसतात तो कुणा एकाच्या भाषेत करणं हा उरलेल्या दोघांवर अन्याय आहे. इंग्रजीत ठेवणं हाही ताईवर अन्यायच होता, फक्त त्याची आपल्याला सवय झाली होती.

दुसरा आक्षेप भाषांतराचा. मेलमधले मराठी शब्द कृत्रिम वाटतात, नेमकं काय होईल ते कळत नाही, असं लोक म्हणतात. काही शब्दांबद्दल ते खरं आहे. Archive साठी मला अजून मनासारखा शब्द भेटलेला नाही. पण मेलमध्ये रोज लागणारे शब्द तीस-चाळीसच्या वर नसतात, ते ठरलेल्या जागी असतात आणि बहुतेकांशेजारी चित्र असतं. अख्ख्या यंत्रात असे हजारो शब्द असतात आणि त्यातले निम्मे वर्षातून एकदा दिसतात. तीस शब्द आठवड्यात अंगवळणी पडतात.

राज्याची राजभाषा मराठी आहे, तसा अधिनियम १९६४ चा आहे. टिपणी मराठीत, पत्र मराठीत, आणि ते पत्र ज्या खिडकीतून जातं ती खिडकी इंग्रजीत, असं मी कितीतरी शासकीय टेबलांवर बघतो. कारण विचारलं की उत्तर एकच: संगणकाची भाषा बदलायला परवानगी नाही. संगणकाच्या भाषेला हात लावायची गरजच नाही. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मेलखात्याची भाषा त्याला बदलू द्यावी, फोल्डरांची नावं आहेत तशी ठेवावीत आणि सामायिक खाती न बदलता सोडावीत. यासाठी नवं सॉफ्टवेअर घ्यावं लागत नाही, नव्या यंत्राचीही गरज पडत नाही.

परवा कळमन्याला गेलो तेव्हा ताई मेल लिहीत होती आणि मुनीमजी मागे उभे राहून वाट बघत होते. तिचं झालं, तिनं आपला प्रोफाइल बंद केला, मुनीमजी बसले आणि त्यांनी आपला उघडला. इंग्रजी पान आलं, त्यांचा हात सवयीनं डावीकडे वर गेला आणि बिल निघून गेलं.